पंच्याऐंशी मीटरवरची आरती

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी इथल्या मराठी पोरांनी दहा मिनिटांची एक फिल्म करायची ठरवली आणि पटकथा माझ्या गळ्यात पडली. कारण एवढंच, की मी एकदा ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला होता आणि तो कुणीतरी शेवटपर्यंत वाचला होता. विषयही आयताच मिळाला: परदेशात शिकणारी मुलगी, दर आठवड्याला घरच्या आरतीचा व्हिडिओ कॉल, आणि त्यातून तिला वाटणारा आधार. "तू तर हे दर गुरुवारी करतेस," दिग्दर्शक म्हणाला. तो शिकतो आर्किटेक्चर, पण त्या महिन्यापुरता दिग्दर्शक. "नुसतं उतरवून काढ."

मी उतरवून काढलं ते असं:

दृश्य 1. वसतिगृहातली खोली. संध्याकाळ. खिडकीबाहेर बर्फ. ती एकटीच बसलेली. फोन वाजतो. पडद्यावर आईचा चेहरा, मागे देवघर. आरती सुरू होते. इकडे ती, तिकडे घरचे. दोन्हीकडच्या टाळ्या एका लयीत. तिच्या डोळ्यांत पाणी.

एका बैठकीत लिहून झालं. सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गुरुवार आला, नेहमीसारखा कॉल झाला, आणि कॉल संपल्यावर मी ते पान पुन्हा वाचलं. त्यातलं एक वाक्य धडधडीत खोटं होतं. डोळ्यांतल्या पाण्याचं नाही. ते येतं कधीकधी, बहुतेकदा येत नाही. खोटं होतं ते "दोन्हीकडच्या टाळ्या एका लयीत" हे. पाच महिन्यांत एकदाही, एका ओळीपुरतीसुद्धा आमची टाळी जुळलेली नाही. जुळणारही नाही.

मी सप्टेंबरच्या शेवटी जर्मनीत ड्रेस्डेनला आले. आमचं घर कोल्हापूरकडचं, नृसिंहवाडी जवळ, त्यामुळे गुरुवार हा घरचा वार. साडेसातला आरती. बाबा झांज धरतात, आई तबक, धाकटा भाऊ घंटा, आणि लय आज्जीची. लय धरायला तिला काही लागत नाही, नुसती मान हलते. इथे आल्यावरचा पहिला गुरुवार 2 ऑक्टोबरचा, नेमका दसऱ्याचा. भावानं फोन समईला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "ताई, तू पण म्हण."

मी म्हणायला लागले आणि घोळ सुरू झाला.

आज्जीला माझा आवाज मागून ऐकू येत होता. तिला वाटलं, पोरगी मागे पडतेय, म्हणून तिनं लय जरा ओढून धरली. तिचं हळू होणं मला उशिरा कळलं, मग मी तिच्यासाठी हळू झाले. माझं हळू होणं तिला आणखी उशिरा कळलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी 'सुखकर्ता' घाट चढणाऱ्या बैलगाडीसारखी चालली होती. दोन मिनिटांत होणाऱ्या आरतीला त्या दिवशी साडेचार मिनिटं लागली, आणि "जय देव जय देव" म्हणताना तर दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघत थांबूनच राहिले, आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं. शेवटी बाबा म्हणाले, "तू म्यूट कर बाळा. नुसतं ऐक."

त्यानंतरचे तीन गुरुवार मी म्यूटवर आरती केली. देवघराचा खिडकीएवढा चौकोन समोर, आणि आपण खिडकीबाहेर. टाळी वाजवायची ती आपल्याच खोलीत, आपल्यालाच ऐकू येणारी. वर त्या टाळीचाही शेजारी काय अर्थ लावतील याची धास्ती. खरं सांगायचं तर त्या तीन गुरुवारी घरची आठवण कमी व्हायच्याऐवजी वाढायची. आरती बघणं आणि आरतीत असणं यात काय फरक आहे, हे मला तोवर कधी कळायचं कारणच आलं नव्हतं.

माझ्या मजल्यावर एक व्हायोलिन वाजवणारी मुलगी राहते. स्वयंपाकघरात भांडी घासताना तिला हा घोळ सांगितला तर ती हसलीच. म्हणाली, यात तुमच्या घरच्यांचा दोष नाही की तुझा नाही. एकत्र वाजवणाऱ्यांमध्ये साधारण 25-30 मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की लय सुटायला लागते; प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो आणि सगळेच हळू होत जातात. मोठ्या वाद्यवृंदात लांब बसलेल्यांना म्हणून कानापेक्षा डोळ्यांवर विसंबावं लागतं, समोरच्या हाताकडे बघून वाजवावं लागतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांबच्या माणसाची टाळी आपल्याला तीस मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. बस, तेवढीच मर्यादा.

हे ऐकून मला वाडीची आठवण झाली. पालखीच्या वेळी पुढे पायऱ्यांवर एक गजर चालू असतो आणि मागची गर्दी त्याच्या अर्धी टाळी मागे असते. मला ते लहानपणी मागच्यांचं आळशीपण वाटायचं.

आमचा उशीर किती, हे मोजायचं मी आणि भावानं ठरवलं. यात एक गोम आहे. मी टाळी वाजवली आणि ती ऐकून त्यानं वाजवली, तर त्याच्या दचकण्याचा वेळही त्यात मिसळतो. म्हणून मी एकसारख्या ठेक्यात "टा, टा, टा" म्हणत राहायचं, आणि त्यानं माझा ठेका पकडून, वाट न बघता, माझ्याबरोबरच "टा" म्हणायचं. दुसऱ्या फोनवर मी माझ्या खोलीतला आवाज रेकॉर्ड केला. त्याच्या मते तो अगदी माझ्या सोबत होता. रेकॉर्डिंगमध्ये त्याचा "टा" माझ्या "टा"नंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास येत होता. म्हणजे जाताना पाव सेकंद, येताना पाव सेकंद. (टाळीऐवजी "टा" का, तर टाळी पलीकडे धड पोचतच नव्हती. त्याचं पुढे सांगते.)

इंटरनेट चांगलं घेतलं तर हे सुटेल का? थोडं सुटेल, सगळं नाही. आमच्या घरापासून इथपर्यंत सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर अंतर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार अगदी दोरी ताणल्यासारखी सरळ टाकली आणि मधे कुठेही थांबा घेतला नाही, तरी नुसत्या जाण्यातच बत्तीस-तेहेतीस मिलिसेकंद गेले. व्हायोलिनवालीची मर्यादा तिथेच ओलांडली. प्रत्यक्षात तार समुद्राखालून वळणं घेत जाते, मधल्या यंत्रांवर थांबते, आणि शिवाय फोन स्वतः आवाजाचे तुकडे करून बांधायला नि सोडायला वेळ घेतो. आमच्या पाव सेकंदातला मोठा वाटा या बांधाबांधीचाच असणार.

मग मी उलटा हिशेब केला. पाव सेकंदात आवाज हवेतून किती लांब जातो? पंच्याऐंशी मीटर. आमच्या दारापासून मारुतीच्या देवळापर्यंत अंतर तेवढंच असेल, फार तर चार पावलं कमी-जास्त. लहानपणी मी देवळाच्या पारावर खेळत असायचे आणि आज्जी दारातून हाक मारायची. त्या हाकेलाही पाव सेकंद लागत असणार. साडेसहा हजार किलोमीटरचं काही करता येत नाही, पण पंच्याऐंशी मीटर मला कळतात. तेवढ्या अंतरावरून कुणी टाळीला टाळी जुळवायला जात नाही. तेवढ्या अंतरावरून हाक मारतात आणि ओ देतात.

तसंच करायचं ठरवलं. एक कडवं त्यांनी म्हणायचं, एक मी. त्यांचं चालू असताना मी गप्प, माझं चालू असताना ते गप्प. मधे पाव-अर्ध्या सेकंदाची फट पडते, पण कडव्यांच्या मधे श्वास घ्यायला तेवढी फट असतेच.

आणि इथे माझी अब्रू गेली.

बावीस वर्षं मी या आरत्या म्हणत आले होते, म्हणजे असं मला वाटत होतं. एकटीवर कडवं आलं तेव्हा कळलं, की मी निम्म्या आरत्या बाबांच्या आवाजावर टेकून म्हणत होते. ओळीचा पहिला शब्द माझा, शेवटचा शब्द माझा, मधला सगळा बाबांचा. "लंबोदर पीतांबर फणिवर वंदना" असं मी ठासून म्हटलं तर आज्जीनं थांबवलंच. "वंदना काय गं? बंधना. फणिवरबंधना. पोटाला नाग बांधलाय त्यानं." मी म्हटलं, सगळे वंदनाच म्हणतात. ती म्हणाली, "सगळे म्हणू देत. सगळे घोळक्यात म्हणतात, तू एकटी म्हणतेयस."

'युगे अठ्ठावीस'मधल्या "ओवाळू आरत्या कुर्वंड्या येती"ची तर मोठीच गंमत झाली. मी लहानपणापासून तिथे "कुरवड्या" म्हणत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर उन्हात वाळत घातलेल्या कुरडया येत होत्या. चंद्रभागेत कुरडया का सोडतात, हा प्रश्न मला पडला होता, पण आरतीत प्रश्न विचारायची पद्धत नाही. आज्जीनं आरती तिथेच थांबवून सांगितलं, की कुरवंडी म्हणजे ओवाळणं, जीव ओवाळून टाकतात ना, ते. तिकडे बाबांचा चेहरा जरा विचारी झाला. नंतर भावानं खासगीत कळवलं, की बाबांनाही हे ठाऊक नव्हतं.

पटकथेत हे कुठे बसत नव्हतं. दिग्दर्शकाला आधार दाखवायचा होता, आणि माझ्या गुरुवारात आधार कुठे होता तर या टोकण्यात. इथे आठवडाभर मला कुणी टोकत नाही. प्रयोगशाळेत चूक झाली तर अतिशय सभ्य शब्दांत, खाली शुभेच्छा लिहून ईमेल येते. "काय गं" असं म्हणून चूक दाखवणारं आठवड्यातून एकच माणूस भेटतं, गुरुवारी.

ऑक्टोबर संपताना घड्याळाचा घोळ झाला. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ तासभर मागे करतात. 26 तारखेला ते झालं, फोननं ते परस्पर करून टाकलं, आणि मी 30 तारखेला नेहमीसारखी चारला कॉल लावून बसले. तिकडे साडेआठ वाजले होते. आरती तासाभरापूर्वीच होऊन गेली होती. बाबा अवघडून म्हणाले, "तुझी वाट बघितली गं दहा मिनिटं." मागून आज्जीचा आवाज आला, "घड्याळ मागं केल्यावर दिवस मागं जातो व्हय?" आणि मग ती उठून आली, फोनसमोर बसली, आणि म्हणाली, "चल, एक म्हणू. दिवा अजून आहे."

आता हिवाळाभर साडेसात म्हणजे माझे तीन, आणि गुरुवारी माझी प्रयोगशाळा साडेतीनपर्यंत. म्हणून घरानं आरती साडेआठला नेली. हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. आज्जी आठला जेवते आणि तिचं सगळं त्या जेवणाभोवती बांधलेलं, गोळ्यासुद्धा. नैवेद्याआधी ती जेवत नाही. आईनं डॉक्टरांना विचारून गुरुवारच्या गोळ्यांची वेळ बदलून घेतली. हे मला कुणी सांगितलं नाही. जानेवारीत फ्रिजवर चिकटवलेला कागद कॅमेऱ्यात दिसला तेव्हा कळलं.

या बदलातून एक गोष्ट मात्र आपोआप जमून आली. ड्रेस्डेनला डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो. त्यांची साडेआठची आरती माझ्या बरोब्बर दिवेलागणीला यायला लागली. तिकडे अंधार पडून दोन तास उलटलेले असतात, इथे एल्बे नदीपलीकडे तांबूस पट्टा विझत असतो. ऑक्टोबरात मी भर उन्हात आरती करत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, ते काय होतं ते तेव्हा समजलं. 4 डिसेंबरला दत्तजयंती गुरुवारीच आली. जन्मकाळ सूर्यास्ताचा, तेव्हा मी हातमोजे घालून प्रयोगशाळेत. साडेआठला त्यांनी माझ्यासाठी पुन्हा आरती केली. दोनदा कशी चालते, असं मी विचारलं तर आज्जी म्हणाली, "जन्म एकदाच होतो. आरती कितीदाही चालते." सुंठवडा कॅमेऱ्याला दाखवून माझ्या वाटचा भावानं खाल्ला. तो दर आठवड्याला ते जाहीर करून खातो.

माझ्या बाजूला निरांजन नाही. वसतिगृहाच्या नियमात उघडी ज्योत बसत नाही आणि छताला धूर ओळखणारं यंत्र आहे. एकदा उदबत्ती खिडकीबाहेर धरून लावली, वारा आत आला, यंत्र किंचाळायला लागलं आणि तीन शेजारी दारात. त्यानंतर बॅटरीवरचा दिवा. शेवटी आई तबक कॅमेऱ्याजवळ आणते, ज्योतीच्या उजेडानं पडदा पांढराफटक होतो, आणि मी त्या पांढऱ्यावरून हात फिरवून डोळ्यांना लावते. पडदा कोमट असतो. तो फोन तापल्यामुळे, हे मला माहीत आहे.

आता टाळीचं. फोनवरच्या कॉलमध्ये यंत्र सतत निवडत असतं, की यातला माणसाचा आवाज कोणता आणि गोंगाट कोणता. आरतीत त्याला गोंगाट वाटतात त्या गोष्टी म्हणजे झांज, घंटा आणि टाळी. सुरुवातीला मला घंटेचा फक्त पहिला टोला ऐकू यायचा, मग ती पाण्यात बुडाल्यासारखी व्हायची. भाऊ जीव तोडून घंटा हलवतोय आणि घंटा मुकी. पण सगळ्यात वाईट व्हायचं ते 'येई हो विठ्ठले'ला.

ज्यांनी ती घरात म्हटलीय त्यांना माहीत आहे, की तिचा पहिला "ये" संपत नाही. श्वास पुरेल तोवर ताणायचा, आणि घरोघरी त्याची चुरस असते. आमच्याकडे बाबा आणि भाऊ. बाबांचा "ये" बारा सेकंद चालतो, मी मोजलाय. कॉलवर तो तीन सेकंदांत विरून जायचा. एकसारखा, न बदलणारा सूर म्हणजे पंखा किंवा मोटर असणार, असं यंत्र ठरवायचं आणि हळूच तो पुसून टाकायचं. पडद्यावर बाबांचं तोंड उघडं, मानेची शीर ताठ, आणि आवाज शून्य. मग एकदम "ई हो".

त्यावर उपाय भावाला सापडला. फोनवरचा कॉल सोडून आम्ही मीटिंगच्या ॲपवर गेलो, लॅपटॉपवर. त्याच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये `Original sound for musicians` असा एक पर्याय असतो. तो चालू केला की यंत्र निवडानिवड थांबवतं आणि जे येईल ते पाठवतं. त्याची किंमत म्हणजे पंखा, रस्त्यावरचा हॉर्न, शेजारचा कुकर हेही येतं. शिवाय माझा आवाज त्यांच्या स्पीकरमधून निघून त्यांच्याच माइकमध्ये शिरला तर मला माझाच प्रतिध्वनी ऐकू येतो. म्हणून स्पीकर लहान ठेवून आज्जीच्या पाटाजवळ, लॅपटॉप खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि मी कानात इयरफोन घालून. झांज लॅपटॉपपासून जितकी लांब तितकी बरी. जवळ आणली तर आवाज फाटतो. आणि फुकटची मीटिंग 40 मिनिटांची असते. सुरुवातीची पंधरा मिनिटं "दिसतंय का, ऐकू येतंय का, जेवलीस का"मध्ये गेली तर मंत्रपुष्पांजली मधेच तुटते. एकदा तुटली, तेव्हापासून आज्जीनं नियम केला, की जेवलीस का हे आरतीनंतर.

नोव्हेंबरातला तो पहिला गुरुवार, सेटिंग बदलल्यानंतरचा. कडवी आलटून-पालटून चालली होती. 'येई हो'ची सुरुवात त्यांच्या वाटची होती. बाबांनी "ये" उचलला आणि तो विरला नाही. राहिला. भावाचा त्यात मिसळला, खाली आज्जीचा बारीक, थरथरता. मी गप्प राहायचं होतं. पण तो सूर पुढ्यात एवढा मोठा उघडा पडला होता, की मीही शिरले.

पाव सेकंद उशिरा शिरले, नेहमीसारखीच. पण बारा सेकंदांच्या सुरात पाव सेकंद कुणाला कळतो? तिथे मोजायला ठेकाच नव्हता. टाळी जिथे पडते तिथे ती चुकू शकते. सूर सगळीकडे असतो. माझा आवाज पंच्याऐंशी मीटर चालत जाऊन त्यांच्यात उभा राहिला, त्यांचा माझ्यात येऊन उभा राहिला, आणि दोन्हीकडे ते एकाच वेळी चालू होतं. बाबांनी डोळे उघडून लॅपटॉपकडे पाहिलं, सूर न सोडता. भावाचा श्वास आधी संपला. मग माझा. बाबा जिंकले.

"ई हो"ला पुन्हा सगळं फाटलं. ते पुढे, मी मागे. मी गप्प झाले.

तेव्हापासून आमची वाटणी ठरलेली आहे. कडवी पाळीपाळीनं, आणि "ये" सगळ्यांचा.

हे सगळं मी दिग्दर्शकाला सांगितलं. टाळ्या एका लयीत नकोत, म्हटलं. "ये" हवा, अख्खा. तो म्हणाला, बारा सेकंद पडद्यावर काहीच घडत नाही, लोक मोबाइल काढतील. आम्ही बरंच भांडलो. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये बारा सेकंद पुष्कळ होतात. शेवटी म्हणाला, मग तेवढ्या वेळात बघायला काहीतरी दे.

बघायला होतं. देवघरातली ट्यूबलाइट लॅपटॉपच्या पडद्यावर चमकते आणि आज्जीला माझा चेहरा धड दिसत नाही. ट्यूब बंद केली तर मला फक्त निरांजनाची ज्योत दिसते, बाकी सगळं काळं. म्हणून ट्यूब चालूच राहते, आणि आज्जी कपाळाशी आडवा हात धरून, डोळे बारीक करून माझ्याकडे बघते, उन्हात लांबचा माणूस बघावा तशी. त्याच आरतीत पुढची ओळ आहे, "निढळावरी कर ठेवूनि वाट मी पाहे". निढळ म्हणजे काय, हे मी तिला एकदा कॉलवर विचारलं होतं. तिचा हात तेव्हाही तिथेच होता. तिनं तो काढला नाही, दुसऱ्या हातानं पहिल्या हाताकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे बघ. हे."

नवीन पान असं आहे:

दृश्य 3. देवघर. रात्र. लॅपटॉपवर मुलीचा चेहरा, तिच्यामागे खिडकी, खिडकीत संधिप्रकाश. वडील "ये" धरतात. सगळे धरतात. आजी पडद्याकडे बघते, कपाळाशी हात. मुलगी थोडी उशिरा सुरात येते. (तो उशीर एडिटिंगमध्ये काढू नये.) कॅमेरा आजीवर. बारा सेकंद.

19 मार्चचा पाडवाही गुरुवारीच आहे. फिल्म संध्याकाळी सहाला, म्हणजे आरती आधी उरकून जाता येईल. 29 तारखेला घड्याळ पुन्हा पुढे जाईल, मग साडेआठ म्हणजे माझे पाच. मी आज्जीला म्हटलं, आता परत साडेसातला करू या, तुला वेळेवर जेवता येईल. ती म्हणाली, "तुझ्याकडं दिवेलागणी कधी होती मग?" मी सांगितलं, एप्रिलमध्ये आठच्या सुमाराला. तिनं बोटांवर हिशेब केला, बराच वेळ केला, आणि म्हणाली, "साडेअकराला मला जमायचं न्हाई बाई. साडेसातच बरं."